जानेवारीतला मुलगा, डिसेंबरातला मुलगा

१९८० साली अमेरिकेत जनगणना झाली, तेव्हा १९३० ते १९३९ या दशकात जन्मलेले पुरुष चाळिशीत होते. शाळा सुटून त्यांना पाव शतक होऊन गेले होते, नोकरीधंद्यात ते स्थिरावले होते. जनगणनेच्या एका मोठ्या नमुन्यात अशा ३,२९,५०९ पुरुषांच्या नोंदी आहेत. कोण किती वर्षे शिकला, आदल्या वर्षी त्याने किती कमावले, किती आठवडे काम केले, हे सगळे त्यात आहे. वर्षाच्या कमाईला कामाच्या आठवड्यांनी भागले की आठवड्याची कमाई निघते. ती शिक्षणाच्या वर्षांशेजारी मांडली की चित्र अगदी स्वच्छ दिसते: शिक्षणाचे एक वर्ष जास्त असले की आठवड्याची कमाई सरासरी ७ टक्क्यांनी जास्त.

हे ७ टक्के दोन तऱ्हांनी वाचता येतात, आणि दोन्ही वाचने एकमेकांपासून फार दूरची आहेत.

पहिले वाचन असे: जास्त शिकलेले पुरुष जास्त कमावत होते. हे नुसते वर्णन झाले. शिक्षण आणि कमाई या दोन गोष्टी एकत्र वाढताना दिसतात, एवढेच त्यातून कळते. याला सहसंबंध म्हणतात. दुसरे वाचन असे: दहावीनंतर शाळा सोडलेल्या माणसाला आणखी एक वर्ष शाळेत बसवले असते, तर त्याची कमाई ७ टक्क्यांनी वाढली असती. हा कार्यकारणभावाचा दावा आहे. पहिल्या वाचनाला जनगणनेचा तक्ता पुरतो. दुसऱ्याला पुरत नाही, कारण त्याला लागणारा माणूस तक्त्यात कुठेच नाही. तोच माणूस, तेच घर, तीच बुद्धी, फक्त शाळेचे एक वर्ष जास्त, असा जोडीदार हवा. आणि प्रत्येक माणूस एकदाच जगतो.

म्हणून आपण त्याच्या जागी दुसऱ्याच कुणाला उभे करतो. दहावी झालेल्याच्या शेजारी अकरावी झालेला उभा करतो आणि दोघांच्या पगारातला फरक शिक्षणाच्या खात्यावर जमा करतो. गफलत होते ती इथे. अकरावीपर्यंत गेलेला मुलगा कदाचित आधीपासूनच वेगळा असतो. त्याचे वडील पगारदार असतील, घरात पुस्तके असतील, त्याला अभ्यासाची आवड असेल, चिकाटी जास्त असेल. या सगळ्यामुळे तो शाळेत टिकला, आणि शाळेत टिकला नसता तरी याच गुणांवर त्याने पुढे बरे कमावले असते.

कल्पनेतल्या १०० मुलांवर हे करून पाहता येते. ५० मुले ऐपतीच्या घरची, ५० बेताच्या घरची. ऐपतीच्या घरातली ४० मुले बारावी करतात, १० दहावीनंतर थांबतात. बेताच्या घरांत नेमके उलटे: १० बारावी करतात, ४० थांबतात. आता मुद्दाम असे धरू की शिक्षणाने कमाईत एका पैचाही फरक पडत नाही. ऐपतीच्या घरचा मुलगा वडिलांच्या ओळखीने, घरच्या भांडवलाने महिना ३०,००० रुपये मिळवतो, मग तो दहावी असो की बारावी. बेताच्या घरचा २०,००० मिळवतो, तोही शिक्षण कितीही असले तरी.

बारावी झालेल्या ५० जणांची सरासरी काढू. त्यांत ४० जण तीस हजारवाले आणि १० जण वीस हजारवाले. एकूण १४ लाख, भागिले ५०, म्हणजे २८,००० रुपये. दहावीवर थांबलेल्यांत १० तीस हजारवाले आणि ४० वीस हजारवाले. एकूण ११ लाख, सरासरी २२,०००. घराची माहिती नसलेल्या माणसाला या आकड्यांतून दिसेल की दोन वर्षे जास्त शिकले की महिना ६,००० रुपये जास्त मिळतात, म्हणजे २७ टक्के वाढ. प्रत्यक्षात शिक्षणाचा परिणाम शून्य आहे, तो आपणच शून्य ठरवला होता. सगळा फरक घराच्या ऐपतीचा. ती शिक्षणाच्या मागे लपून बसली.

या उदाहरणात उपाय सोपा आहे. ऐपतीच्या घरांतल्या दहावी आणि बारावीवाल्यांची तुलना वेगळी करायची, बेताच्या घरांतल्यांची वेगळी. दोन्हीकडे फरक शून्य येतो आणि खरे काय ते कळते. पण त्यासाठी तक्त्यात ‘घरची ऐपत’ असा रकाना असायला हवा. चिकाटीचा रकाना कुठल्या जनगणनेत असतो? आकलनशक्तीचा? आईने रोज संध्याकाळी पाढे म्हणून घेतले का, याचा? जे मोजलेलेच नाही ते वेगळे काढता येत नाही.

नोंदी वाढवूनही हा दोष जात नाही. ३,२९,५०९ हा आकडा भारदस्त आहे, पण नोंदी जास्त असल्या की योगायोगाने चूक होण्याची भीती तेवढी कमी होते. वरच्या उदाहरणात १०० ऐवजी १० लाख मुले घेतली तरी उत्तर २७ टक्केच येईल आणि तितकेच चुकीचे असेल. फक्त ते जास्त ठामपणे सांगता येईल.

चूक कोणत्या दिशेला आहे हेही आधी सांगता येत नाही. लपलेला घटक नेहमी शिक्षणाचे मोल फुगवतोच असे नाही. हाताला कसब असलेल्या एखाद्या मुलाला सोळाव्या वर्षी गॅरेजमध्ये चांगले पैसे मिळू लागले, तर तो शाळा सोडतो आणि पुढेही चांगलेच कमावतो. असे मुलगे बरेच असतील तर साध्या तुलनेत शिक्षणाचे मोल खऱ्यापेक्षा कमी दिसेल. म्हणजे तक्त्यातले ७ टक्के खऱ्यापेक्षा जास्त असू शकतात, कमीही असू शकतात, आणि तक्ता कितीही वेळ न्याहाळला तरी त्यातून हे उमगत नाही.

औषधांच्या चाचणीत या अडचणीवर जुना आणि पक्का उपाय आहे. कुणाला औषध द्यायचे आणि कुणाला नाही, हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचे. चिठ्ठी माणसाची ऐपत बघत नाही, चिकाटी बघत नाही. त्यामुळे दोन्ही गटांत सगळ्या प्रकारची माणसे सारख्याच प्रमाणात येतात, मोजलेल्या गुणांची आणि न मोजलेल्याही. मग पुढे जो फरक दिसेल तो औषधाचा. पण कुठल्या मुलाने दहावीनंतर शाळा सोडायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवणारे सरकार कुणी खपवून घेणार नाही, आणि घेऊही नये.

मग एकच वाट उरते. आयुष्यात अशी एखादी जागा शोधायची, जिथे नियमांच्या किंवा तारखांच्या योगायोगाने कुणीही न ठरवता चिठ्ठ्या टाकल्या गेल्या आहेत.

हार्वर्डमधले जोशुआ अँग्रिस्ट आणि प्रिन्स्टनमधले अॅलन क्रूगर या दोन तरुण अर्थतज्ज्ञांना अशी जागा सापडली. १९९१ मध्ये ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’मध्ये त्यांचा निबंध छापून आला. जागा अगदी साधी होती: माणसाच्या जन्माचा महिना.

अमेरिकेत शाळेबाबत दोन वेगवेगळे नियम चालत. पहिला प्रवेशाचा. बहुतेक ठिकाणी, ज्या शैक्षणिक वर्षात १ जानेवारीपर्यंत मुलाला सहा वर्षे पूर्ण होतात, त्या वर्षी सप्टेंबरात त्याला पहिलीत घेत. दुसरा सक्तीचा. अनेक राज्यांत सोळावा वाढदिवस होईपर्यंत शाळेत जाणे कायद्याने बंधनकारक होते आणि वाढदिवस झाला की त्या दिवसापासून मोकळीक. पहिला नियम शैक्षणिक वर्षाला बांधलेला, दुसरा वाढदिवसाला. या दोन नियमांच्या सांध्यात एक फट राहिली.

दोन मुले घेऊ. एकाचा जन्म डिसेंबर १९३० चा, दुसऱ्याचा जानेवारी १९३१ चा. वयात फार तर काही आठवड्यांचे अंतर. डिसेंबरातल्या मुलाला डिसेंबर १९३६ मध्ये सहा वर्षे होणार, म्हणजे १ जानेवारीच्या आत. म्हणून त्याला सप्टेंबर १९३६ मध्येच पहिलीत बसवले, तेव्हा तो पावणेसहा वर्षांचा होता. जानेवारीतल्या मुलाची तारीख थोडक्यात हुकली. तो सप्टेंबर १९३७ मध्ये शाळेत गेला, साडेसहा वर्षे उलटून गेल्यावर.

आता दहा वर्षे पुढे येऊ. डिसेंबर १९४६ मध्ये पहिला मुलगा सोळाचा झाला. तोवर त्याच्या पदरी दहा पूर्ण वर्षे जमा होती आणि तो अकरावीच्या मध्यावर होता. काही आठवड्यांनी, जानेवारी १९४७ मध्ये दुसरा सोळाचा झाला. त्याची नऊच वर्षे पुरी झाली होती आणि तो दहावीच्या मध्यावर होता. दोघांनाही शाळेचा कंटाळा आला असेल आणि दोघांनीही वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी दप्तर टाकले असेल, तर डिसेंबरातला मुलगा एक वर्ष जास्त शिकून बाहेर पडला. ते वर्ष त्याने मागितले नव्हते. आईवडिलांनीही ठरवले नव्हते. तारखेने ते त्याच्या पदरात टाकले.

अर्थात बहुतेक मुले वाढदिवसाची वाट बघत बसलेली नसतात. ज्यांना शाळा पुरी करायची होती त्यांनी जानेवारीत जन्मूनही ती पुरी केली. म्हणून सरासरीत फरक दिसला तर तो बारीकच दिसणार. तो दिसला. वर्षाच्या पहिल्या तिमाहीत, म्हणजे जानेवारी ते मार्च या काळात जन्मलेल्या पुरुषांचे सरासरी शिक्षण १२.६९ वर्षे भरले आणि उरलेल्या तीन तिमाहींत जन्मलेल्यांचे १२.८० वर्षे. बारीक आकड्यांत मोजले तर फरक ०.१०९ वर्षांचा.

आता याच दोन गटांची कमाई पाहू. पहिल्या तिमाहीवाल्यांची आठवड्याची सरासरी कमाई सुमारे ३६२ डॉलर, बाकीच्यांची सुमारे ३६६ डॉलर. (ही सरासरी टक्क्यांच्या हिशेबाला सोयीची अशी, लॉगॅरिदमवरून काढलेली आहे.) फरक चार डॉलरचा, म्हणजे १.१ टक्क्यांचा.

शिक्षणात ०.१०९ वर्षांची तूट आणि कमाईत १.११ टक्क्यांची. पुढची पायरी केवळ भागाकाराची आहे. १.११ भागिले ०.१०९, उत्तर १०.२. शिक्षणाच्या एका वर्षामागे कमाईत सुमारे १० टक्के.

हा भागाकार का चालतो, हे समजल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण सगळी पद्धत त्याच्यावर उभी आहे. ०.१०९ म्हणजे जवळजवळ एक नवमांश. समजा नऊ माणसांपैकी आठ जणांवर जन्मतारखेचा काहीच परिणाम झाला नाही आणि नवव्याला तारखेमुळे एक पूर्ण वर्ष जास्त मिळाले. नऊ जणांची सरासरी काढली की शिक्षण एक नवमांश वर्षाने वाढलेले दिसेल. त्या एका माणसाची कमाई १० टक्क्यांनी वाढली आणि बाकी आठांची तशीच राहिली, तर नऊ जणांच्या सरासरीत ती वाढ १० भागिले ९, म्हणजे १.१ टक्के दिसेल. आकड्यांत नेमके हेच दिसले. आठ जणांच्या गर्दीत एकाचा लाभ पातळ होतो आणि भागाकाराने तो पुन्हा त्या एकाच्या नावावर जमा होतो.

या सगळ्या हिशेबात कमाईची तुलना शिक्षणानुसार एकदाही केलेली नाही. दोन्ही वेळा गट पाडले ते जन्माच्या तिमाहीनुसार. शिक्षणानुसार गट पाडले असते, तर ऐपत आणि चिकाटी पुन्हा मागच्या दाराने आत आली असती.

मात्र या भागाकाराच्या पोटात एक अट आहे. जन्माच्या तिमाहीचा कमाईवर जो काही परिणाम होतो, तो फक्त शिक्षणाच्या वाटेने व्हायला हवा. दुसऱ्या कुठल्याही वाटेने होता कामा नये. जानेवारीत जन्मलेली मुले इतर कारणांनीच कमी कमावत असतील, तर ते सगळे खापर शिक्षणावर फुटेल आणि उत्तर चुकेल. ही अट आकड्यांनी पुरती सिद्ध करता येत नाही. तिला फक्त निरनिराळ्या बाजूंनी धक्के देऊन पाहता येते.

अँग्रिस्ट आणि क्रूगर यांनी पहिला धक्का स्वतःच दिला. सक्तीचा कायदा कुणाला बांधतो? जे सोळाव्या वर्षी शाळा सोडण्याच्या बेतात असतात त्यांना. कॉलेज पुरे केलेल्या माणसाला त्या कायद्याने ना अडवले ना ढकलले. मग कॉलेजच्या पदवीधरांत जन्माच्या तिमाहीनुसार कमाईत फरक दिसायला नको. दिसलाच, तर तारखेचा परिणाम शाळेखेरीज आणखी कुठून तरी येतो आहे असे मानावे लागेल. पदवीधरांत तसा फरक आढळला नाही. जिथे कारण पोचत नाही तिथे परिणाम शोधायचा आणि तो नाही याची खात्री करायची, ही तपासणी कुठल्याही कार्यकारणाच्या दाव्याला लावता येते, आणि वर्तमानपत्रातल्या दाव्यांना ती क्वचितच लावलेली असते.

पुढचा धक्का बाहेरून आला. १९९५ मध्ये जॉन बाउंड, डेव्हिड जेगर आणि रेजिना बेकर यांनी या निबंधातले आकडे पुन्हा चालवले. मूळ निबंधात वरच्या साध्या भागाकाराखेरीज आणखी गुंतागुंतीची गणितेही होती. त्यांत जन्माची तिमाही, जन्माचे वर्ष आणि राज्य यांच्या जोड्या करून शंभरावर बारीक गट पाडले होते. या तिघांनी एक धारदार परीक्षा घेतली. माणसांची खरी तिमाही काढून टाकली आणि संगणकाने वाटेल तशी खोटी तिमाही प्रत्येकाला चिकटवली. खोट्या तिमाहीचा शिक्षणाशी काडीचाही संबंध नाही, तेव्हा गणितातून काहीच निघायला नको होते. पण उत्तर निघाले, तक्त्यातल्या साध्या तुलनेसारखे दिसणारे, आणि सोबत अचूकतेचा भरवसा देणारे आकडेही निघाले.

असे का व्हावे? कारण गट फार आणि प्रत्येक गटात शिक्षणाचा फरक फार थोडा. एखाद्या बारीक गटात योगायोगाने चिकाटीची माणसे जरा जास्त आली, तर त्या गटाचे शिक्षणही वाढलेले दिसते आणि कमाईही. असे शंभरावर गट एकत्र केले की योगायोगाच्या या कणांतून जुनाच सहसंबंध पुन्हा उभा राहतो, वेष बदलून. दोनच मोठे गट घेऊन केलेला साधा भागाकार या दोषातून बऱ्याच अंशी सुटतो, कारण तिथे प्रत्येक गटात हजारो माणसे असतात. तेव्हापासून या क्षेत्रातला कुठलाही निबंध वाचणारा जाणकार आधी एकच गोष्ट बघतो: ज्या योगायोगावर भिस्त ठेवली आहे, त्याने शिक्षणात खरोखर ठळक फरक पाडला आहे का?

तिसरा धक्का सर्वांत खोल गेला. २०१३ मध्ये केसी बकल्स आणि डॅनियल हंगरमन यांनी विचारले की जन्माचा महिना खरेच चिठ्ठीसारखा असतो का. अमेरिकेतल्या जन्मनोंदींत आईचे वय, शिक्षण आणि वैवाहिक स्थिती नोंदलेली असते. त्या नोंदी महिन्यांनुसार लावल्यावर दिसले की थंडीत बाळंत होणाऱ्या आयांमध्ये वीस वर्षांखालील, अविवाहित आणि कमी शिकलेल्या मुलींचे प्रमाण थोडे जास्त असते. म्हणजे जानेवारीतल्या मुलाच्या वाट्याला नुसती शाळेची तारीख येत नव्हती, सरासरीने पाहिले तर घरही थोडे वेगळे येत होते. फरक मोठा नाही. पण ज्या पद्धतीत १.१ टक्क्याच्या फरकावर सगळी इमारत उभी आहे, तिथे थोडा फरकही जड पडतो. त्यामुळे १० टक्क्यांचे उत्तर काही प्रमाणात फुगलेले असणार, असे मानायला आधार मिळाला.

मग या १०.२ वर किती विश्वास ठेवावा? मूळ हिशेबातच त्याची मर्यादा दिलेली आहे. नमुन्यातल्या योगायोगाची सूट धरली, तर खरे मूल्य साधारण साडेपाच ते पंधरा टक्क्यांच्या मध्ये कुठेही असू शकते. साध्या तुलनेतले ७ टक्के या पट्ट्यातच बसतात. म्हणजे ‘साधी तुलना शिक्षणाचे मोल कमी दाखवत होती’ असा निष्कर्ष इथून काढता येत नाही. एवढेच म्हणता येते की ऐपत आणि चिकाटी यांचा शिरकाव बराच रोखल्यावरही शिक्षणाचा परिणाम मावळला नाही. कल्पनेतल्या त्या १०० मुलांत तो शून्यावर आला होता, इथे आला नाही. या लेखकाच्या मते या निबंधाची खरी कमाई हीच आहे.

त्यातही हा परिणाम कुणाचा, हे विसरून चालत नाही. जन्मतारखेने फक्त अशांनाच हलवले, जे सोळाव्या वर्षी शाळा सोडायला टेकले होते. तेव्हा १० टक्के हा आकडा त्यांच्या दहावी-अकरावीच्या वर्षाबद्दल बोलतो. एमए करावे की नाही, याबद्दल तो गप्प आहे. ‘हा परिणाम नेमका कोणाचा’ ही गोष्ट अँग्रिस्ट आणि खिडो इम्बेन्स यांनी १९९४ मध्ये गणिताने काटेकोर मांडली. २०२१ चे अर्थशास्त्राचे नोबेल निम्मे डेव्हिड कार्ड यांना आणि निम्मे या दोघांना मिळाले. क्रूगर त्याआधी दोन वर्षे, २०१९ मध्ये गेले होते, आणि नोबेल मरणोत्तर दिले जात नाही.

क्रूगर यांनी हाच प्रश्न दुसऱ्या एका वाटेनेही सोडवून पाहिला होता, आणि ती वाट अगदी वेगळ्या गावाला जाते. ओहायो राज्यात ट्विन्सबर्ग नावाचे गाव आहे. विल्कॉक्स आडनावाच्या दोन जुळ्या भावांमुळे त्याला ते नाव पडले. तिथे दर ऑगस्टमध्ये जुळ्यांचा मेळा भरतो. सारखे कपडे घातलेल्या जोड्या दुरून दुरून येतात. १९९१ च्या मेळ्यात क्रूगर आणि प्रिन्स्टनमधलेच ऑर्ली अॅशेनफेल्टर आपल्या माणसांना घेऊन गेले. हेतू उघड होता. एकरूप जुळ्यांचे आईवडील तेच, घर तेच, जनुकेही तीच. एकाने बारावीवर थांबावे आणि दुसऱ्याने पुढे दोन वर्षे शिकावे, तर दोघांच्या कमाईतला फरक शिक्षणाचा म्हणता येईल.

त्यांनी जोडीतल्या दोघांना वेगवेगळे बसवले. प्रत्येकाला स्वतःचे शिक्षण विचारले आणि भावंडाचे शिक्षणही विचारले. ही दुसरी विचारणा वरवर पाहता कशाला, असे वाटेल. पण लोक आपले शिक्षण सांगताना चुकतात, कुणी अर्धवट सोडलेले वर्ष धरतो, कुणी धरत नाही. हजारो अनोळखी माणसांत ही चूक फारशी बोचत नाही, कारण त्यांच्या शिक्षणातला फरकच मोठा असतो. जुळ्यांत मात्र बऱ्याच जोड्या सारख्याच शिकलेल्या असतात, तिथे एका वर्षाची खोटी तफावत खऱ्या तफावतीला बुडवून टाकते आणि शिक्षणाचा परिणाम खऱ्यापेक्षा कमी दिसतो. भावंडाने दिलेले उत्तर ही त्यावरची उलटतपासणी होती. १४९ एकरूप जोड्यांवरून त्यांचे उत्तर आले १२ ते १६ टक्के. पुढे जास्त जोड्या घेऊन हिशेब झाले तेव्हा ते बरेच खाली उतरले.

पण जुळ्यांच्या वाटेवरही तोच प्रश्न उभा आहे. सगळे सारखे असताना एक जण जास्त शिकला, तो का? एक आजारी पडला म्हणून? एकाला शिक्षक चांगले भेटले म्हणून? की एक जरा जास्त हुशार होता म्हणून? तिसरे कारण असेल तर लपलेला घटक जुळ्यांतही शिरलाच. तारखेच्या वाटेवर निदान हे ठाऊक असते की वर्ष कशामुळे मिळाले. जुळ्यांच्या वाटेवर तेच ठाऊक नसते.

जन्मतारखेचा हा हिशेब महाराष्ट्रावर लावायचा म्हटले, तर पहिल्याच पायरीला अडतो. जुन्या पिढीतल्या असंख्य लोकांचा कागदोपत्री वाढदिवस १ जून हा आहे. शाळेत नाव घालताना जन्माचा दाखला नसे. मूल सहा वर्षांचे दिसते, शाळा जूनमध्ये सुरू होते, तेव्हा गुरुजी जूनची तारीख टाकत आणि हिशेब जुळवत. अशा नोंदींवर तिमाहीनुसार गट पाडले, तर ‘जूनमध्ये जन्मलेले’ म्हणजे प्रत्यक्षात ज्यांच्या घरी जन्माची नोंद ठेवणारे कुणी नव्हते असे लोक. ती तारीख चिठ्ठी राहत नाही, घराची परिस्थिती सांगणारी खूण होते.

दुसरी अडचण कायद्याची. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाला लागू आहे, पण चौदावे वर्ष उलटले तरी आठवी पुरी करण्याचा हक्क मुलाला राहतो. वाढदिवसाच्या दिवशी वर्गाच्या मध्यावर दार उघडावे, ही जी अमेरिकी फट होती, ती इथे नाही. म्हणून नोंदी बिनचूक झाल्या तरी जन्माच्या महिन्याने शिक्षणात तसा फरक पडेल असे मानायला आधार नाही.

त्याच कायद्यात दुसरीकडे मात्र खरीखुरी सोडत आहे. विनाअनुदानित खासगी शाळांत २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांसाठी राखीव असतात, आणि अर्ज जागांपेक्षा जास्त आले की महाराष्ट्रात ऑनलाइन सोडत निघते. नाव लागलेली आणि न लागलेली मुले पुढे कशी शिकतात, अशी तुलना कुणी करू म्हटले, तर गट पाडताना एक मोह टाळावा लागतो. नाव लागूनही काही पालक प्रवेश घेत नाहीत. कागद पुरे पडत नाहीत, शाळा लांब असते, बाकीचा खर्च झेपत नाही. अशा मुलांना ‘नाव लागलेल्या’ गटातून वगळावेसे वाटते, कारण ती त्या शाळेत गेलीच नाहीत. पण ती वगळली की उरतात ती धडपड्या पालकांची मुले, आणि न लागलेल्या गटात मात्र धडपडे आणि थकलेले दोन्ही पालक असतात. सोडतीने केलेली समानता तिथेच मोडते.

म्हणून प्रवेश घेतला असो वा नसो, ज्याचे नाव लागले तो त्याच गटात राहतो. समजा नाव लागलेल्या १०० मुलांपैकी ६० त्या शाळांत गेली, आणि न लागलेल्या १०० पैकी १० फी भरून तशाच शाळांत गेली. दोन्ही गटांच्या वाचनाच्या चाचणीत सरासरी ३ गुणांचा फरक आला. शाळेत जाण्यातला फरक ६० वजा १०, म्हणजे १०० मागे ५०, अर्थात ०.५. तीन भागिले ०.५ केले की उत्तर येते ६ गुण. आणि ते उत्तर त्याच मुलांपुरते असते, जी नाव लागले म्हणून त्या शाळेत गेली आणि लागले नसते तर गेली नसती.